बूट अंतरावरून, खिळा मैदानावरून: शाळकरी धावपटूसाठी स्पाइक कसे निवडायचे

शालेय स्पर्धांचं वेळापत्रक आलं की साताऱ्यातल्या खेळाच्या दुकानांत पालकांची वर्दळ वाढते. "रनिंगचे स्पाइक दाखवा." दुकानदार नंबर विचारतो, पालक नंबर सांगतात, जोडी पिशवीत पडते. पोरगं किती मीटर पळतं आणि कुठल्या मैदानावर पळणार आहे, हे दोन प्रश्न कुणी विचारतच नाही. खरं तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून बूट ठरतो आणि दुसऱ्याच्या उत्तरावरून खिळ्याची लांबी. हे दोन निर्णय वेगवेगळे घेतले की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

हा लेख पहिल्यांदाच स्पाइक घेणाऱ्या पालकांसाठी आणि ज्यांच्याकडे यंदा नव्यानं मैदानी स्पर्धांची जबाबदारी आली आहे अशा शिक्षकांसाठी आहे. बूट निवडण्याचं काम दुकानात दहा मिनिटांत होतं, ते आधी सांगतो. खिळ्याचं प्रकरण मात्र मैदानावर उभं राहूनच समजतं, म्हणून जास्त वेळ त्यावर घालवणार आहे.

पायरी पहिली: अंतर ठरवा

१००, २०० आणि ४०० मीटर धावणाऱ्याला स्प्रिंटचे स्पाइक. ८०० आणि १५०० धावणाऱ्याला मध्यम पल्ल्याचे. चौदा वर्षांखालच्या गटातली ६०० मीटरची शर्यत मध्यम पल्ल्यातच धरा, कारण तिथे शेवटचे दोनशे मीटर पोरं टाचेवर आलेली असतात.

ही टाच हाच दोन्ही बुटांमधला खरा फरक आहे. शंभर मीटर पळणारी मुलगी ब्लॉकमधून सुटल्यापासून फक्त चवड्यावर असते. तिची टाच जमिनीला जवळजवळ लागतच नाही, आणि पाऊल जमिनीवर टिकतं ते सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा थोडंच जास्त. एवढ्या वेळात बूट चवड्याशी दुमडत बसला तर ढकललेली ताकद तिथेच जिरते. म्हणून स्प्रिंटच्या स्पाइकला तळभर कडक प्लेट असते आणि टाचेखाली मऊ थर नावालाच. खिळे सगळे चवड्याखाली, बहुतेक जोड्यांत सहा ते आठ.

आठशे-पंधराशेचा धावपटू पहिल्या फेरीत चवड्यावर असतो, पण दम लागला की टाच खाली येतेच. स्प्रिंटचा बूट घालून तो पळाला तर टाचेखाली काहीच नसल्यामुळे पिंढऱ्यांवर आणि टाचेच्या शिरेवर सगळा ताण पडतो, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ते कळतं. त्याच्या बुटाची प्लेट चवड्यापुरती किंवा फार तर पाऊण तळाची असते, ती वाकते, आणि टाचेखाली फोमची पाचर असते. खिळे कमी, चार ते सहा.

दुकानात खोक्यावर काय छापलंय यावर विसंबू नका. बूट दोन्ही हातांत धरा, एका हातात टाच आणि दुसऱ्यात पुढचं टोक, आणि वाकवून बघा. स्प्रिंटचा बूट जेमतेम हलतो. मध्यम पल्ल्याचा बोटांच्या मुळाशी, म्हणजे पाऊल जिथे दुमडतं तिथेच वाकतो. बूट जर मधोमध, कमानीपाशी दुमडला तर तो कुठल्याच कामाचा नाही, परत ठेवा. मग अंगठ्यानं टाचेचा भाग दाबा. फोम दबून परत वर येत असेल तर मध्यम पल्ल्याचा, अंगठ्याला थेट कडक तळ लागला तर स्प्रिंटचा.

स्प्रिंटमध्ये एक खबरदारी. मोठ्या स्पर्धांत दिसणाऱ्या अतिकडक, कार्बन प्लेटच्या जोड्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना घेऊ नका. ती प्लेट वाकवायला लागणारी ताकद त्यांच्या पावलात अजून आलेली नसते. बूट काम करत नाही आणि नडग्या मात्र दुखतात. मध्यम कडकपणाची साधी नायलॉनची प्लेट शाळेची सगळी वर्षं पुरते.

एकच मूल १०० आणि ६०० दोन्ही पळतंय आणि घरात एकाच जोडीचे पैसे आहेत, हा प्रश्न दरवर्षी येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: मध्यम पल्ल्याची जोडी घ्या. तिच्यात शंभर मीटर पळून थोडं नुकसान होईल, पण स्प्रिंटच्या जोडीत सहाशे पळून पाय धरेल. आपल्याकडे मुळातच लांब पल्ल्याची ओढ आहे. माणमधल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावल्या, त्यामुळे त्या भागातल्या पालकाला आपल्या लेकीनंही लांब पळावं असं वाटलं तर नवल नाही. फक्त मुलीचं अंगच स्प्रिंटचं असेल तर तिच्यावर पल्ला लादू नका, एवढं सांगून पुढे जातो.

पायरी दुसरी: मापात बसवा

"वाढतं पाऊल आहे, एक नंबर मोठा द्या." शाळेच्या बुटांना हे चालतं, स्पाइकला नाही. बूट मोठा झाला की पाऊल आत पुढे सरकतं आणि खिळे जिथे हवेत, म्हणजे चवड्याच्या बरोबर खाली, तिथे राहत नाहीत. शिवाय वळणावर पाऊल बुटातल्या बुटात घसरतं आणि अंगठ्याचं नख काळं पडतं.

संध्याकाळी माप घ्या, दिवसभर चालून पाऊल थोडं फुगलेलं असतं. कागदावर पूर्ण वजन टाकून उभं राहायचं, टाचेमागे आणि सर्वांत लांब बोटापुढे खूण करायची आणि दोन खुणांतलं अंतर मोजायचं. दोन्ही पायांचं, कारण ती सहसा सारखी नसतात. दुकानात बुटाचा आतला सोल निघत असेल तर काढून त्यावर पाऊल ठेवा. स्प्रिंटसाठी बोटापुढे तीन ते पाच मिलिमीटर मोकळे असले की पुरे. मध्यम पल्ल्यासाठी सात-आठ मिलिमीटर, कारण पंधराशे मीटरमध्ये पाय तापतो आणि थोडा पसरतो. सोल चिकटवलेला असेल तर बूट घालून चवड्यावर उभं राहायला सांगा आणि वरून बोट चाचपा. बोट पुढे टेकावं, पण वाकू नये. मोजे पातळ हवेत. जाड मोजे घालून माप घेतलेली जोडी पातळ मोज्यांत सैल होते.

आणि पैसे देण्याआधी बूट उलटा करून एक खिळा पान्यानं काढून बघा. काढून परत बसला पाहिजे. काही स्वस्त जोड्यांत खिळे कायमचे पक्के असतात किंवा आटे इतके कच्चे असतात की दुसऱ्यांदा खिळा धरतच नाही. अशी जोडी एकाच प्रकारच्या मैदानाला बांधली जाते, आणि पुढे जे सांगणार आहे त्यातलं काहीच तिच्यावर करता येत नाही.

पायरी तिसरी: खिळ्याची लांबी

इथे डोक्यात पक्की बसलेली एक समजूत आधी काढावी लागते: खिळा लांब तर पकड जास्त, पकड जास्त तर वेग जास्त. खिळा पूर्ण आत गेला आणि बुटाची प्लेट जमिनीला टेकली, तरच पकड मिळते. खिळा अर्धाच गेला तर धावपटू जमिनीवर उभाच नसतो, तो सहा-आठ टोकांवर उभा असतो. पाऊल डगमगतं, चवड्याला टोचतं, आणि प्रत्येक पावलाचा धक्का नडगीत चढतो. म्हणून सूत्र असं: मैदान जेवढा खिळा पूर्ण गिळेल तेवढाच लावायचा, त्याहून मिलिमीटरही जास्त नको.

बाजारात ६, ९, १२ आणि १५ मिलिमीटरचे खिळे मिळतात, ५ चेही दिसतात. लांबी प्लेटपासून टोकापर्यंत मोजायची, आत जाणारा आट्यांचा भाग धरायचा नाही. पाकिटावर विश्वास नसेल तर खिळा लावून पट्टीनं मोजा.

सिंथेटिक ट्रॅकचं उत्तर सर्वांत सोपं आहे, म्हणून ते आधी. पुण्याच्या बालेवाडीसारख्या ट्रॅकवरचा रबरी थर साधारण १३ मिलिमीटर जाड असतो आणि त्याखाली कडक डांबरी पाया. १२ चा खिळा घालून पळालं तर टोक जवळजवळ पायापर्यंत पोचतं, रबर फाटतं आणि पंच बाहेर काढतात. जागतिक संघटनेच्या नियमात सिंथेटिकवर धावण्याच्या शर्यतींसाठी कमाल ९ मिलिमीटर आहे. बरेच ट्रॅकवाले त्याहून कडक राहून ६ चाच आग्रह धरतात. तुम्ही ६ लावा, धावपटू स्प्रिंटचा असो की पंधराशेचा. रबर सहा मिलिमीटरला दबतं आणि परत ढकलतं. लांब खिळा त्यात रुततो आणि तो उपसण्यात वेळ जातो.

पण आपल्या तालुक्याच्या स्पर्धा सिंथेटिकवर क्वचितच होतात. आपलं मैदान म्हणजे मुरूम, काळी माती किंवा शाळेमागचं गवत, आणि फक्कीनं मारलेल्या लेन.

दहिवडी, वडूजकडचा मुरूम उन्हात तापला की दगडासारखा होतो. वर बारीक खड्यांचा मोकळा थर, खाली घट्ट बसलेला कडक थर. इथे १२ चा खिळा लावून आलेली पोरं मी दरवर्षी बघतो. बहुतेकांची समजूत असते की माती आहे म्हणजे लांबच हवा. खिळा निम्मा जातो आणि पोरगं उंच टाचांच्या चपला घातल्यासारखं चालतं. सुक्या कडक मुरमावर ६ किंवा ९ यांतच निवड असते. त्याच मैदानावर सकाळी पाणी मारलेलं असेल किंवा रात्री सर पडून गेली असेल तर ९ व्यवस्थित जातो.

सांगलीकडे, मिरज-वाळव्याच्या काळ्या मातीत चित्र उलटं. सुकी आणि दाबलेली असेल तर ९. ओली झाली की १२, आणि पाऊल रुतत असेल तर १५. ओल्या काळ्या मातीची खोड म्हणजे ती खिळ्यांमध्ये अडकून बसते, आणि दोनशे मीटरनंतर बुटाखाली चिखलाची भाकरी तयार होते. मग खिळा कितीही लांब असो, तो आतच गडप झालेला असतो. काहीजण शर्यतीआधी प्लेटला तेलाचा पुसट हात फिरवतात, त्यानं चिखल थोडा कमी धरतो. हे फक्त मातीवर. सिंथेटिकवर तेल लावलेला बूट कधीच नको. दाट गवतावर ९, गवत ओलं असेल तर १२.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की मुरमावर मी "६ किंवा ९" म्हणून थांबलो. इथेच स्प्रिंटर आणि मध्यम पल्ल्याचा धावपटू वेगळे होतात. स्प्रिंटरला सर्वांत जास्त पकड लागते ती पहिल्या दहा-पंधरा मीटरला, ब्लॉकमधून सुटताना, जेव्हा अंग पुढे झुकलेलं असतं आणि पाय जमिनीला मागे ढकलत असतात. तिथे एक पाऊल सटकलं की शर्यत गेली. पंधराशेच्या धावपटूचं अंग सरळ असतं, तो एवढ्या जोरानं मागे ढकलत नाही. पण त्याची पावलं मोजा: एक पाऊल दीड-पावणेदोन मीटरचं धरलं तरी सव्वानऊशेच्या आसपास पावलं होतात, आणि दर पावलाला खिळा जमिनीतून उपसून काढायचा. शंभर मीटरच्या मुलीला हे साठएक वेळा करावं लागतं. म्हणून मातीच्या मैदानावर दोन लांबींत मन अडलं तर स्प्रिंटरला लांब द्या, मध्यम पल्ल्याच्या धावपटूला आखूड. अट तीच, खिळा पूर्ण आत गेला पाहिजे.

खिळ्याच्या आकाराबद्दल थोडक्यात. बुडाशी रुंद आणि टोकाला निमुळता, असा पिरॅमिडसारखा खिळा माती आणि सिंथेटिक दोन्हीवर चालतो, तोच घ्या. सुईसारखे बारीक खिळे मुरमात वाकतात. पायऱ्या-पायऱ्यांचे, ख्रिसमस ट्री म्हणतात ते, सिंथेटिकसाठीच आहेत; मातीत त्यांच्या खाचा बुजतात.

पायरी चौथी: पाऊलखुणा वाचा

वर दिलेले आकडे सुरुवातीपुरते. शेवटचा निकाल मैदान देतं आणि तो वाचायला पाच मिनिटं लागतात. बूट घालून मुलाला तीस मीटर जोरात पळवा, मग चालत मागे जाऊन चौथ्या-पाचव्या पावलाची खूण शोधा आणि खाली बसून नीट बघा.

खिळ्यांची स्वच्छ, गोल भोकं आहेत आणि त्यांच्यामध्ये प्लेटचा ठसाही उमटलाय: लांबी बरोबर. नुसती भोकं आहेत, प्लेटचा ठसा कुठेच नाही: खिळा पूर्ण गेलेला नाही, एक माप आखूड लावा. भोकाच्या जागी मागे ओढलेल्या लांबट रेघा आहेत: पाऊल सटकतंय. याची दोन कारणं असू शकतात. खिळा आखूड असेल, किंवा झिजून बोथट झाला असेल. टोकावर बोट फिरवलं की कळतं. आणि भोकाभोवतीची माती ढेकळासारखी उचकटून वर आली असेल तर खिळा लांब आहे, उपसताना माती सोबत येते.

मुरमावर कधीकधी रेघा दिसतात त्या खिळ्यामुळे नाही, वरच्या मोकळ्या खड्यांमुळे. पायानं खडे बाजूला करून त्याच जागी परत पळवून बघा. रेघा गेल्या तर लांबी बदलू नका, ब्लॉकपुढची पहिली दहा मीटर लेन झाडून घ्या.

ही परीक्षा सरळ पट्टीवर एकदा आणि वळणाच्या आतल्या लेनमध्ये एकदा करा. आतली लेन रोज सरावानं तुडवलेली असते, तिचा स्वभाव वेगळा निघतो. आणि वेळ सांभाळा. सकाळी आठला पाणी मारलेल्या मैदानावर ९ चा खिळा पूर्ण जातो, दुपारी दोनच्या फायनलला त्याच जागी तो वर राहतो. फायनल दुपारी असेल तर खुणा दुपारीच वाचा.

एक उदाहरण, आकड्यांसकट

समजा माणमधल्या एका घरातली दोन भावंडं आहेत. बहीण आठवीत, १०० आणि २०० पळते. भाऊ दहावीत, ८०० आणि १५००. तालुक्याची स्पर्धा कोरड्या मुरमावर आहे. तालुका निघाला तर जिल्हा, मग कोल्हापूर विभाग, ज्यात आपला सातारा, सांगली आणि कोल्हापूर येतात, आणि त्यानंतर राज्य.

बहिणीचं पाऊल २३.४ सेंटिमीटर भरलं. तिच्यासाठी मध्यम कडक नायलॉन प्लेटची, सात खिळ्यांची जोडी घेतली, बोटापुढे चार मिलिमीटर. भावाचं पाऊल २५.८, त्याच्यासाठी सहा खिळ्यांची, टाचेत फोम असलेली, बोटापुढे आठ मिलिमीटर. पिरॅमिड खिळे ६, ९ आणि १२ चे प्रत्येकी एक संच, आणि एक पाना. संच मोजताना दोन्ही बूट धरायचे: बहिणीला एका लांबीचे चौदा खिळे लागतात, भावाला बारा. दोघांना मिळून एकच संच घेतला आणि स्पर्धा एकाच दिवशी आल्या, तर पंचाईत.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मैदानावर दोघांनी ९ लावून पळून बघितलं. बहिणीच्या खुणांत भोकं पूर्ण, प्लेटचा पुसट ठसा. ती ९ वरच राहिली. भावाच्या सरळ पट्टीवरच्या खुणा बऱ्या होत्या, पण आतल्या लेनच्या वळणावर ठसाच नाही, नुसती टोकं. पंधराशेची शर्यत जवळजवळ सगळी त्याच लेनमध्ये होते, म्हणून त्याला ६ लावले. परत पळवल्यावर वळणावर ठसा उमटला, सरळ पट्टीवर किंचित रेघा. तेवढं चालतं, वळणच निर्णायक आहे.

समजा विभागाची स्पर्धा सांगलीला, काळ्या मातीवर आहे आणि आदल्या रात्री पाऊस झाला. बहिणीला १२. भावालाही आधी १२ लावले, पण खुणांभोवती ढेकळं उठली. तो ९ वर आला आणि बुटाखाली चिखलही कमी धरला. बालेवाडीला राज्य स्पर्धेत दोघंही ६ वर. तीन ठिकाणी तीन उत्तरं आली, बूट मात्र तेच राहिले.

पायरी पाचवी: खिळे बसवणं आणि सवय लावणं

भोकातली माती आधी टाचणीनं किंवा जुन्या टूथब्रशनं काढा. खिळा पहिल्यांदा हातानं फिरवा. आटा सरळ धरलाय हे हातालाच कळतं. हातानं फिरायचा थांबला की पान्यानं पाव वेढा, बस. जोर लावून आवळलं तर प्लेटमधला आटा जातो, आणि आटा गेलेल्या भोकाला इलाज नाही. सराव धावा झाल्यावर, शर्यतीआधी, सगळे खिळे परत एकदा तपासा, नवीन खिळे पहिल्या पळण्यात थोडे सैल होतात. एका बुटात वेगवेगळ्या लांबीचे खिळे लावू नका. एखादं भोक रिकामं राहिलं तर त्यात माती घट्ट बसते आणि नंतर खिळा जात नाही. चपटी टोपणं मिळतात, ती लावा.

नवी जोडी थेट स्पर्धेत घालायची नाही. सपाट टाचेची सवय पिंढऱ्यांना नसते. पहिल्या आठवड्यात दोनदा, गवतावर किंवा मऊ मातीवर, साठ-साठ मीटरच्या चार सैल धावा पुरेत. दुसऱ्या आठवड्यात स्प्रिंटरनं ब्लॉकमधून तीस मीटरच्या चार-पाच सुरुवाती कराव्यात. मध्यम पल्ल्याच्या धावपटूनं नेहमीच्या बुटांत सराव करावा आणि दोनशेच्या शेवटच्या दोन-तीन धावाच स्पाइकमध्ये माराव्यात. आठवड्यातून दोनदाच, बाकी सगळं साध्या बुटांत. पिंढऱ्या एक-दोन दिवस भरून येणं ठीक आहे. टाचेच्या मागच्या हाडाला दाबल्यावर दुखत असेल, किंवा नडगीच्या आतल्या बाजूला एकाच जागी दुखत असेल, तर स्पाइक बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. वाढत्या वयात टाचेचं दुखणं बऱ्याच मुलांना होतं, त्यावर पळत राहिलं की ते चिघळतं.

बारा वर्षांखालच्या मुलांना स्पाइक घेऊच नका, असं माझं मत आहे. तालुक्याला कितीतरी पोरं अनवाणी पळून नंबर काढतात. त्यावरून आणखी एक काळजी: आठशेला पहिल्या वळणानंतर सगळे आत शिरतात, तेव्हा शेजारचा अनवाणी असू शकतो. आपल्या मुलाला गर्दीत अर्धं पाऊल बाहेरून पळायला शिकवा. काही तालुका स्पर्धांत याच कारणानं स्पाइकला परवानगीच नसते, आधी विचारून घ्या.

बूट पिशवीतून स्टार्टपर्यंत न्यायचे आणि तिथेच घालायचे. मंडपाच्या फरशीवर, सिमेंटच्या पायऱ्यांवर स्पाइक घालून चाललं की खिळ्याचं टोक तिथेच जातं, आणि पोरगं घसरून पडतं ते वेगळंच. चिखलात पळून आल्यावर त्याच दिवशी खिळे काढा, कोरड्या फडक्यानं पुसा आणि आट्याला व्हॅसलिनचं बोट लावून ठेवा. पोलादी खिळे प्लेटमध्ये गंजले की पक्कड लावूनही निघत नाहीत, आणि मग राज्य स्पर्धेच्या सकाळी १२ चे खिळे अडकलेली जोडी घेऊन ट्रॅकबाहेर उभं राहावं लागतं. पिशवीत पाना, तीन-चार जादा खिळे आणि एक जुना टूथब्रश कायम असू द्या. पाना हरवतो तो नेहमी स्पर्धेच्या दिवशीच, म्हणून त्याला दोरा बांधून पिशवीच्या चेनलाच अडकवा.